हिरव्या ओळीत न दिसलेलं काम

मी कोड लिहीत नाही, डबा जोडत नाही, ग्राहकाकडे जाऊन बसवतही नाही. मी विचारते. नाशकात अंबडच्या बाजूला आमची कंपनी आहे, तिथे गेली कित्येक वर्षं मी हेच करते आणि त्याचा पगार घेते. माझ्या सासूबाईंना हे अजून पटलेलं नाही. "म्हणजे बाकीचे काम करतात आणि तू झालं का म्हणून विचारतेस?" असं त्या एकदा म्हणाल्या होत्या. मी चिडले होते, पण त्यांचं म्हणणं खोडून काढता आलं नव्हतं.

आम्ही औषधांच्या आणि रक्ताच्या फ्रीजवर बसवायचा एक छोटा डबा बनवतो. फ्रीजच्या आतलं तापमान तो सतत वाचतो, आमच्या सर्व्हरकडे पाठवतो, आणि तापमान हद्दीबाहेर गेलं तर हॉस्पिटलमधल्या माणसाला फोन जातो. डबा बनवणारी टीम एक, सर्व्हर सांभाळणारी दुसरी, मोबाइल अ‍ॅपची तिसरी. तिघांच्या मध्ये मी.

दर तिमाहीला कंपनीची उद्दिष्टं ठरतात, सात-आठ. ती मोठ्या साहेबांच्या खोलीत ठरतात, म्हणून ती ऐकायला छान असतात. मग प्रत्येक टीम आपापली मोठी कामं मांडते. त्या मोठ्या कामाला आमच्यात एपिक म्हणतात, आणि एपिकच्या पोटात लहान लहान कामं असतात, त्यांना स्टोरी. एक माणूस चार-पाच दिवसांत उरकेल एवढी एक स्टोरी. माझं काम असं, की एका शीटमध्ये डावीकडे उद्दिष्टं लिहायची, वर तिन्ही टीमची नावं, आणि मधल्या चौकोनांत त्या त्या एपिकचा नंबर. मग बघायचं, की कुठल्या उद्दिष्टाची ओळ रिकामी तर नाही, आणि ज्याला कुठलंच उद्दिष्ट नाही असं एखादं एपिक उगाच माणसं अडवून बसलेलं तर नाही. ओळीतल्या सगळ्या स्टोऱ्या पूर्ण झाल्या की ओळ आपोआप हिरवी होते. काही उरलेलं असेल तोवर लाल.

लाल ओळीवरून मी एक प्रथा सुरू केली होती. ज्या टीममुळे ओळ लाल राहिली, त्या टीमने तिमाहीच्या शेवटच्या शुक्रवारी सगळ्या ऑफिसला मिसळ द्यायची. नुसती द्यायची नाही, स्वतः वाढायची. तर्रीचं पातेलं हातात घेऊन टीमच्या लीडने टेबला-टेबलाशी जायचं आणि लोकांनी त्याला विचारायचं, "काय राव, यंदा काय राहिलं?" मला ही कल्पना फार हुशारीची वाटली होती. रागवायला नको, मेल नकोत, हसत-खेळत शिस्त. साहेबांनी तर बाहेरच्या पाहुण्यांना माझी ओळख करून देताना दोनदा हा किस्सा सांगितला होता. मी दोन्ही वेळा लाजले होते आणि दोन्ही वेळा मला तो ऐकायला आवडला होता.

तर, बुधवार होता; नवी तिमाही सुरू होऊन दीड महिना झाला होता, पण साहेबांची उद्दिष्टं यंदा उशिरा ठरली होती. जेवण झालं होतं, ऑफिसात सुस्ती होती. मी जुन्या शीटची प्रत काढून नवी शीट भरत बसले होते. चालू राहिलेल्या उद्दिष्टांच्या ओळीत जुने नंबर तसेच येतात, ते तपासून काढावे लागतात. बंद झालेलं एपिक नव्या तिमाहीत दिसत राहिलं, तर चौकोन भरलेला दिसतो आणि प्रत्यक्षात तिथे काडीचंही काम नसतं.

चौथी ओळ अशी होती: लाईट आणि नेट दोन्ही गेलं तरी दहा मिनिटांत माणसाला फोन गेला पाहिजे. मागच्या तिमाहीत हे अकरा ग्राहकांसाठी झालं होतं, हिरवं. आता उरलेल्या सगळ्यांकडे करायचं होतं. आमच्या सगळ्या उद्दिष्टांत खरं महत्त्वाचं हेच. फ्रीज बिघडतो तो बहुधा लाईट जाते तेव्हा, आणि लाईट जाते तेव्हा हॉस्पिटलचं नेटही जातं. म्हणजे नेमक्या ज्या वेळी ओरडायचं त्या वेळी आमचा डबा मुका. म्हणून त्यात बॅटरी टाकायची, सिमकार्ड टाकायचं, आणि नेट नसेल तर सिमवरून मेसेज जाईल असं करायचं ठरलं होतं. तो मेसेज मिळाला की सर्व्हर एकामागून एक माणसांना फोन लावणार.

डब्याच्या टीमच्या चौकोनात जुन्या एपिकचा नंबर होता. काढून टाकण्याआधी, नव्या एपिकमध्ये काय काय लागेल याचा अंदाज यावा म्हणून मी ते उघडलं. सहा स्टोऱ्या, सहाही पूर्ण. बॅटरी बसवणे. बॅटरीवर चार तास चालणे. सिमची जागा करणे. नेट नसताना तापमान डब्यातच साठवणे. नेट आल्यावर साठवलेलं पाठवणे. बॅटरी उतरली की दिवा लावणे.

मी ती यादी पुन्हा वाचली. मग एकेका ओळीवर बोट ठेवून वाचली, पहिलीतल्या मुलासारखी. सिमची जागा होती. सिमवरून मेसेज पाठवणे कुठेच नव्हतं.

माझा पहिला विचार असा, की ते सर्व्हरवाल्यांकडे असेल. त्यांचं एपिक उघडलं. मेसेज आल्यावर फोन लावणे, पहिल्याने उचलला नाही तर दुसऱ्याला लावणे, सगळं पूर्ण, तपासूनही झालेलं. तपासलं कसं, तर आपल्याच मोबाइलवरून हाताने मेसेज टाइप करून. अ‍ॅपवाल्यांकडे लाल पडदा दाखवण्याचं काम, तेही पूर्ण. प्रत्येकाने आपापला तुकडा तपासला होता. खऱ्या डब्याची लाईट काढून, नेट काढून, फोन वाजतो का हे कोणीही बघितलं नव्हतं. आणि मीही विचारलं नव्हतं, जिचं कामच विचारणं आहे.

एपिकच्या तळाशी बदलांची नोंद असते. कोणी कधी काय हलवलं ते तिथे राहतं. तिथे दिसलं, की मागच्या तिमाहीच्या शेवटच्या गुरुवारी संध्याकाळी सातवी स्टोरी या एपिकमधून काढून दुसऱ्या एका एपिकमध्ये टाकली होती. त्या दुसऱ्या एपिकचं नाव होतं 'नंतरची कामं'. ते उघडलं तर आत चाळीसेक स्टोऱ्या. बटणाचा रंग, डब्यावरचं स्टिकर, आणि त्यांच्या मधोमध 'नेट नसताना सिमवरून इशारा पाठवणे'. कोणाच्या नावावर नाही, किती दिवस लागतील ते लिहिलेलं नाही. आणि या एपिकला कुठलंच उद्दिष्ट जोडलेलं नव्हतं, माणूसही अडकलेला नव्हता, त्यामुळे ते माझ्या शीटमध्ये आलंच नव्हतं.

सातातली सहा म्हणजे अपुरं. सातवी उचलून बाजूला ठेवली की सहातली सहा, शंभर टक्के. शीट खोटं बोलली नव्हती. जे तिला मोजायला दिलं ते तिने मोजलं.  

डब्याच्या टीमचा लीड माझ्यापेक्षा बराच लहान आहे. त्याचे वडील एकलहऱ्याच्या वीज केंद्रात होते, त्यामुळे लाईट जाणं हा विषय त्याला घरचा. कामाला वाघ, बोलायला मऊ. मी त्याच्या टेबलाशी जाऊन स्क्रीनवर ती नोंद दाखवली.

"ही का हलवली रे?"

त्याने बघितलं, आणि त्याचा चेहरा उतरला तसा मला कळलं की हा विसरला नव्हता.

"मॅडम, सिमचं मॉड्यूल उशिरा आलं होतं. दोन आठवडे लागणार होते अजून. तुम्हीच म्हणाला होतात ना, बाकी झालं असेल तर एपिक बंद करा, उरलेलं पुढे न्या."

"मी म्हणाले पुढच्या एपिकमध्ये न्या. अडगळीत टाका नाही म्हणाले."

"पुढचं एपिक तेव्हा उघडलेलंच नव्हतं. म्हटलं सध्या इथे ठेवू, सोमवारी नीट लावू." तो थांबला. "आणि शुक्रवार होता मॅडम दुसऱ्या दिवशी. त्याच्या आदल्या खेपेलाही आम्हीच वाढली होती मिसळ. पोरं म्हणाली, सर, पुन्हा पातेलं नको."

मला त्याच्यावर ओरडायचं होतं. तोंड उघडलंही होतं. पण ती प्रथा काढली कोणी? मी माझ्या हुशारीने असं केलं होतं, की काम राहिलंय हे सांगण्यापेक्षा काम लपवणं सोपं झालं. कुंपणानेच शेत खाल्लं होतं आणि कुंपण म्हणजे मी.

"म्हणजे आत्ता, या क्षणी, त्या अकरा ठिकाणी लाईट गेली तर?" मी विचारलं. उत्तर माहीत होतं, तरी विचारलं.

"डब्यातला बझर वाजेल. तापमान साठत राहील. फोन नाही जाणार, नेट येईपर्यंत."

बझर वाजेल, पण ऐकायला कोणी पाहिजे. रक्ताचा फ्रीज हॉस्पिटलच्या एका टोकाच्या खोलीत असतो, दार लावलेलं असतं. म्हणून तर फोन लागतो.

मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. ते द्वारका चौकाच्या ट्रॅफिकमध्ये अडकून नुकतेच पोहोचले होते आणि त्याच तक्रारीत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, तेच मला जास्त भीतीदायक वाटलं.

"किती दिवसांचं काम?"

"दोन आठवडे. घाई केली तर दहा दिवस."

"मग आजच लावा माणसं. दहा दिवसांत होऊन जाईल. ग्राहकांना आत्ता कळवून काय मिळवायचं? घाबरतील उगाच. झाकली मूठ सव्वा लाखाची."

आणि मी मान हलवली. हे लिहिताना लाज वाटते, पण हलवली. कारण साहेब जे म्हणत होते तेच मला मनातून हवं होतं. दहा दिवस. दहा दिवसांत कितीदा लाईट जाते? गेली तर जनरेटर असतो. जनरेटर सुरू होईपर्यंत फ्रीज थंड राहतो. मी जागेवर आले आणि पाचव्या, सहाव्या, सातव्या ओळी तपासत बसले. नंबर बरोबर लिहिले, अक्षरं एकसारखी केली. तासभर मी अत्यंत व्यवस्थित काम केलं, आणि त्या तासभर मला सारखं पाणी प्यावंसं वाटत होतं.

चौथ्या ओळीवर मी फक्त एक गोष्ट केली. सातवी स्टोरी अडगळीतून काढून नव्या एपिकमध्ये आणली, लीडचं नाव घातलं, दिवस घातले, एपिक उद्दिष्टाला जोडलं. ओळ लाल झाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा लाल ओळ बघून मला बरं वाटलं, निदान एक तरी जागा खरं बोलत होती.

मग आठवलं, की ती ओळ जेव्हा हिरवी झाली होती तेव्हा मी काय केलं होतं. तिमाही संपली की मी हिरव्या ओळींवरून ग्राहकांना एक छोटं पत्र पाठवते, या तीन महिन्यांत तुमच्यासाठी काय नवीन झालं ते. त्या पत्रात मी स्वतः लिहिलं होतं, 'आता लाईट आणि इंटरनेट गेलं तरी आपल्याला फोन येईल.' वाक्य चांगलं जमलं म्हणून खूषही झाले होते.

त्या पत्राला आलेली उत्तरं मी शोधली. अकरांपैकी तिघांनी आभार मानले होते. एक उत्तर येवल्याच्या बाजूच्या एका छोट्या हॉस्पिटलमधल्या डॉक्टर बाईंचं होतं. त्यांच्याकडे रक्त साठवायचा एक फ्रीज आहे, प्रामुख्याने बाळंतपणांसाठी. त्यांनी लिहिलं होतं, 'खूप छान. म्हणजे आता रात्रीची वही बंद करता येईल, माणसं कमी आहेत.'

रात्रीची वही म्हणजे काय ते मला माहीत होतं. दर चार तासांनी कोणीतरी जाऊन फ्रीजचं तापमान बघायचं आणि वहीत लिहायचं. डब्याआधी सगळीकडे तेच होतं. आणि त्या उत्तरावर मी हात जोडल्याचं चित्र पाठवलं होतं. नुसतं चित्र. थांबा म्हटलं नव्हतं, तपासून घ्या म्हटलं नव्हतं.

आता मात्र माझी पाचावर धारण बसली. दहा दिवसांचा हिशोब आपला होता, त्यांचा धोका दीड महिन्यापूर्वीच सुरू झाला होता. मी साहेबांना विचारायला गेले नाही. विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते आणि मला ते हवंहवंसं वाटलं असतं. मी फोन लावला. बाकीच्या दहा जणांना नंतर लावले, पण पहिला तिथे.

डॉक्टर बाईंनी लगेच उचलला. मागे बाह्यरुग्णांची गडबड ऐकू येत होती.

"बोला ताई, काय म्हणताय? डबा मस्त चाललाय तुमचा."

"डॉक्टर, ती रात्रीची वही बंद केलीत का?"

"केली की, मागच्या महिन्यातच. मावशी लिहायच्या, त्यांना आता प्रसूती वॉर्डला घेतलंय. तिथे फार गरज होती हो."

"मग रात्री फ्रीज कोण बघतं?"

त्या हसल्या. "अहो, तुमचं यंत्र बघतं ना!"

मला वाटलं आता फोन कट व्हावा. आपोआप, रेंज जाऊन. गेली नाही.

"डॉक्टर," मी म्हटलं, "लाईट आणि नेट गेलं तर फोन येत नाही. येईल असं मी लिहिलं होतं, ते चूक होतं. ते काम झालेलंच नाही."

 मग त्यांनी मागच्या कोणाला तरी "जरा थांबा" म्हटलं आणि दार लावल्याचा आवाज आला.

"मागच्या मंगळवारी इथे लाईट गेली होती," त्या म्हणाल्या. "पहाटे. जनरेटरही लवकर चालू होईना. मी सकाळी आल्यावर कळलं. फोन आला नव्हता, म्हणून मी समजले फ्रीज ठीक आहे. बुधवारी त्यातल्या दोन पिशव्या एका बाळंतिणीला दिल्या."

फोन आला नाही याचा अर्थ सगळं ठीक, असंच त्या समजल्या, आणि तसं समजायला मीच शिकवलं होतं. मी म्हटलं, "थांबा, मी बघते." सहा पूर्ण स्टोऱ्यांनी आपलं काम केलं असेल तर त्या पहाटेचं तापमान डब्याने साठवलं असणार आणि नेट आल्यावर पाठवलं असणार. मी त्यांच्या फ्रीजचा आलेख उघडला.  पानाने उघडायला किती वेळ घेतला ते सांगता येणार नाही. मी त्या काळात देवाचं नाव घेतलं, जे मी फारसं घेत नाही.

चार अंशांवर सरळ रेघ होती. पहाटे ती वर चढू लागली. साडेचार, पाच, साडेपाच. रक्ताची हद्द सहा. रेघ सहाच्या अगदी खाली आली, तिथे थोडी रेंगाळली, आणि मग खाली वळली.

"सहाच्या आत आहे," मी म्हटलं.  "पाच पूर्णांक आठच्या वर गेलेलं नाही. आलेख पाठवते तुम्हाला, सगळे आकडे पाठवते. ती बाई कशी आहे?"

"बरी आहे. सोमवारी घरी गेली." डॉक्टर बाईंनी मोठा श्वास सोडला. मीही सोडला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारच्या टेबलावरची मुलगी बघत होती, बघू दे म्हटलं.

मला वाटलं, आता त्या रागावतील. रागावल्या असत्या तर सोपं झालं असतं. पण त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, जसं पेशंटला विचारतात तसं.

"ताई, फोन येईल म्हणून लिहिलंत तेव्हा तुम्हाला खात्रीच होती ना?"

"हो. माझ्याकडे हिरवं दिसत होतं."

"मग आत्ता जे सहाच्या आत म्हणताय, ते तरी खरं कशावरून?"

सहाच्या आत हे खरं होतं. तापमान साठवण्याचं काम मी एकेका ओळीवर बोट ठेवून वाचलं होतं, माणसाला विचारलं होतं. पण हे त्यांना कसं पटवणार? मी सांगते, याखेरीज माझ्याकडे दुसरा पुरावा नव्हता, आणि त्याची किंमत आता त्यांना ठाऊक झाली होती.

"मावशींना परत वही द्या, डॉक्टर," मी म्हटलं. "आणि दोन आठवड्यांनी काम झालं म्हणून मी फोन करीन, तेव्हाही बंद करू नका. मी तिथे येते. तुमच्यासमोर लाईट काढू, नेट काढू. तुमचा फोन वाजला, की मग तुम्ही ठरवा."

"या," त्या म्हणाल्या, आणि दार उघडून त्यांनी मावशींना मारलेली हाक मला फोनवर ऐकू आली.